एका डिबेंचरचे पाच दर: मामांच्या तीन लाखांचा हिशोब

गेल्या वर्षी जुलैच्या पहिल्या आठवड्यात सांगलीहून मामांचा फोन आला. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस, आयुष्यभर मोजणीवह्या भरलेल्या. आवाजात राग नव्हता, पण कागद जुळत नसला की येते ती चिडचिड होती.

"अरे, कागदावर लिहिलंय ९.६० टक्के. ज्या ॲपवरून घेतलं तिथे दिसतंय ९.१२. स्लिपवर छापलंय ८.९२. आणि आपला पोरगा एक्सेलमध्ये घालून म्हणतोय, बाबा, तुम्हाला १०.२४ पडतोय. यातलं खरं काय? आणि मुख्य म्हणजे, तीन लाखांच्या रोख्यांना माझ्याकडून तीन लाख चौदा हजार का घेतले?"

मी बारा-पंधरा वर्षं मुंबईत एका दलालाकडे रोख्यांच्या बॅक ऑफिसात काढली. असे फोन तेव्हा दिवसाला चार यायचे. त्यामुळे मामांना म्हटलं, स्लिपचा फोटो पाठवा आणि जवळ वही ठेवा.

व्यवहार असा होता. एका वित्तसंस्थेची सुरक्षित, नोंदणीकृत अपरिवर्तनीय डिबेंचर्स. दर्शनी किंमत प्रत्येकी १,००० रुपये, नग ३००. व्याज दरसाल ९.६० टक्के, सहामाही, १५ मार्च आणि १५ सप्टेंबरला. वाटप १५ सप्टेंबर २०२३ला झालेलं आणि परतफेड १५ सप्टेंबर २०२८ला. मामांनी ती आधीच्या धारकाकडून २ जुलै २०२५ला घेतली आणि सेटलमेंट ३ जुलैला झाली. भाव १,०१८ रुपये. स्लिपवर तीन ओळी होत्या: मुद्दल भाव ३,०५,४००, साचलेलं व्याज ८,६७९ आणि एकूण देय ३,१४,०७९. (आकडे मी सगळीकडे जवळच्या रुपयात धरलेत.)

दर्शनी किमतीवर दिलेल्या जादा ५,४०० रुपयांबद्दल मामांची तक्रार नव्हती. बाजारात व्याजदर उतरले की जुन्या चढ्या दराच्या कागदाला जास्त भाव पडतो, हे त्यांना कळत होतं. ८,६७९ रुपये मात्र खटकत होते.

मी विचारलं, "मामा, आधीच्या मालकाला शेवटचं व्याज कधी मिळालं?"

"पंधरा मार्चला."

"आणि पुढचं पंधरा सप्टेंबरचं कोणाला मिळणार?"

"मलाच. रोखे माझ्या डीमॅटमध्ये आहेत."

"पूर्ण सहा महिन्यांचं?"

इथे ते थांबले. मार्च ते जुलै पैसे त्या माणसाचे अडकलेले, पण कंपनी सप्टेंबरमध्ये सगळं व्याज मामांच्याच खात्यात टाकणार. कंपनीला मधल्या खरेदी-विक्रीशी घेणं नसतं. नोंद तारखेला ज्याच्या डीमॅटमध्ये रोखे, त्याला पूर्ण रक्कम. म्हणून विकणारा आपल्या दिवसांचं व्याज घेणाऱ्याकडून आधीच घेतो. मामांनी ८,६७९ रुपये खर्च केले नव्हते, सप्टेंबरपर्यंत उसने दिले होते.

मामा म्हणाले, "म्हणजे गाभण म्हैस. विणायला जवळ आली की भाव चढा." बॅक ऑफिसात मी इतक्या वर्षांत ही गोष्ट इतकी नेमकी सांगितलेली ऐकली नव्हती. रोख्याची किंमत दोन प्रकारे सांगतात. म्हशीची एक आणि पोटातल्या रेडकाची वेगळी, म्हणजे निव्वळ भाव. दोन्ही मिळून एकच आकडा, म्हणजे व्याजासह भाव. बाजारातली माणसं पहिल्याला क्लीन आणि दुसऱ्याला डर्टी म्हणतात.

मग वहीत दिवस मोजायला लावले. मामांनी १०९ दिवस काढले आणि ८,६०१ रुपये आले. स्लिपपेक्षा सुमारे ७९ रुपये कमी. "बघ, इथेच खाल्ले," ते म्हणाले. खाल्ले नव्हते. त्यांनी व्यवहाराच्या तारखेपर्यंत मोजलं होतं. साचलेलं व्याज सेटलमेंटच्या तारखेपर्यंत चालतं, कारण तोवर विकणाऱ्याचे पैसे त्याच्या हाती आलेले नसतात. १५ मार्चचा दिवस धरायचा, ३ जुलैचा सोडायचा: मार्चचे १७, एप्रिलचे ३०, मेचे ३१, जूनचे ३० आणि जुलैचे २, एकूण ११०. वर्षाचं व्याज २८,८०० रुपये, त्याला ११० ने गुणून ३६५ ने भागलं की ८,६७९. तीन लाखांवर एका दिवसाचं व्याज ७९ रुपये, तेवढाच फरक.

हीच मोजणी पुढे व्याजाच्या तक्त्यात येते. मामांची समजूत होती की सहामाही व्याज म्हणजे २८,८०० चे सरळ दोन भाग, १४,४०० आणि १४,४००. सरकारी रोख्यांत तसंच असतं. तिथे महिना ३० दिवसांचा आणि वर्ष ३६० दिवसांचं धरतात. कंपन्यांच्या नोंदणीकृत डिबेंचर्सना सेबीच्या नियमाप्रमाणे प्रत्यक्ष दिवस मोजावे लागतात. मार्च ते सप्टेंबर १८४ दिवस आणि सप्टेंबर ते मार्च १८१. म्हणून हप्ते सारखे पडत नाहीत:

| देय तारीख | दिवस | व्याज (रुपये) |
|---|---|---|
| १५ सप्टेंबर २०२५ | १८४ | १४,५१८ |
| १५ मार्च २०२६ | १८१ | १४,२८२ |
| १५ सप्टेंबर २०२६ | १८४ | १४,५१८ |
| १५ मार्च २०२७ | १८१ | १४,२८२ |
| १५ सप्टेंबर २०२७ | १८४ | १४,५१८ |
| १५ मार्च २०२८ | १८२ | १४,३२१ |
| १५ सप्टेंबर २०२८ | १८४ | १४,४७९ आणि मुद्दल ३,००,००० |

शेवटच्या दोन ओळी नीट बघा. २०२८ हे लीप वर्ष. २९ फेब्रुवारी मार्चच्या हप्त्यात येते, म्हणून तिथे १८२ दिवस. पण भागायला ३६६ घेतात, आणि ते दोन्ही सहामाहींना, सप्टेंबरच्या हप्त्यात २९ फेब्रुवारी नसली तरी. वर्ष संपूर्ण ३६६ दिवसांचं धरायचं, असा नियम आहे. त्यामुळे त्याच १८४ दिवसांचं व्याज एरवी १४,५१८ असतं, ते २०२८ मध्ये १४,४७९ होतं. दोन हप्त्यांची बेरीज मात्र २८,८०० च राहते. हे माहीत नसलं की शेवटच्या वर्षी कंपनीने ३९ रुपये कमी दिले असं वाटतं, आणि रजिस्ट्रारकडे तक्रारी जातात. मी स्वतः अशा तक्रारींना उत्तरं लिहिली आहेत.

आता दरांकडे. पहिला ९.६०, तो कूपन दर. तो ३,००,००० या दर्शनी किमतीवर आहे आणि मामांनी दिले ३,०५,४००. त्यामुळे कूपनवरून व्याजाचे हप्ते ठरतात, पण मामांना काय सुटतं ते कळत नाही. २८,८०० ला ३,०५,४०० ने भागलं तर ९.४३ येतात, याला चालू परतावा म्हणतात. तोही फसवाच, कारण २०२८ मध्ये कंपनी ३,०५,४०० देणार नाही, ३,००,००० देणार. वर मोजलेले ५,४०० रुपये जाणार आहेत. सव्वातीन वर्षांत का होईना, ते व्याजातूनच भरून काढायचे.

हे सगळं एका आकड्यात आणायचं म्हणजे मुदतअखेर परतावा, सगळे ज्याला वायटीएम म्हणतात. मामांना मी आधी कागदावर होणारा जुजबी हिशोब दिला. ५,४०० ला ३.२ वर्षांनी भागा, सुमारे १,६८८. वर्षाच्या व्याजातून ते वजा करा, २७,११२ उरतात. त्याला मधल्या किमतीने भागा, म्हणजे ३,०५,४०० आणि ३,००,००० यांची सरासरी ३,०२,७००. आले ८.९६ टक्के. स्लिपवरच्या ८.९२ च्या इतकं जवळ की मामांचा स्लिपवर थोडा विश्वास बसला.

नेमका आकडा मात्र अंदाजानेच शोधावा लागतो. एक दर धरायचा, त्या दराने तक्त्यातली प्रत्येक रक्कम ३ जुलै २०२५ला किती मोलाची ते काढायचं, आणि सगळ्यांची बेरीज ३,१४,०७९ येईपर्यंत दर वरखाली करायचा. ९.१२ धरला तर ७४ दिवसांनी येणारे १४,५१८ आज १४,२६४ रुपयांचे ठरतात, आणि १,१७० दिवसांनी येणारे मुद्दलासह ३,१४,४७९ आजचे सुमारे २,३७,७००. मधले पाच हप्ते असेच आणले की बेरीज जुळते. जुळवायचं ते ३,१४,०७९ शी, म्हणजे खिशातून खरंच गेलेल्या रकमेशी. मुद्दल भावाशी नाही.

मामेभावाची चूक नेमकी इथे होती. त्याने एक्सेलच्या `XIRR` मध्ये ३ जुलैला वजा ३,०५,४०० घातले आणि पुढे सगळे हप्ते बरोबर घातले. साचलेलं व्याज त्याने 'चार्जेस' समजून सोडून दिलं. म्हणजे दिलेले ८,६७९ धरले नाहीत, पण सप्टेंबरमध्ये तेच ८,६७९ परत आले ते धरले. म्हणून १०.२४. पहिला आकडा वजा ३,१४,०७९ केला की तेच कोष्टक ९.१२ दाखवतं. अशी चूक ओळखायची एक खूण आहे. दर्शनी किमतीपेक्षा जास्त देऊन घेतलेल्या रोख्याचा सहामाही पद्धतीचा परतावा कूपनपेक्षा कमीच यायला हवा. तो कूपनच्या वर गेला की कुठेतरी एक रक्कम राहून गेलीय.

मग ९.१२ आणि ८.९२? दोन्ही बरोबर, आणि दोन्ही एकच. ८.९२ म्हणजे सहामाही ४.४६ टक्क्यांची दुप्पट. पण सहा महिन्यांनी मिळालेलं व्याज पुन्हा त्याच दराने गुंतलं तर वर्षाचा खरा दर १.०४४६ गुणिले १.०४४६, म्हणजे ९.१२ होतो. काही जण पहिल्या पद्धतीने छापतात, काही दुसऱ्या. दोन रोखे पडताळताना दोघांचे आकडे एकाच पद्धतीचे आहेत की नाही हे विचारायचं, नाहीतर पाव टक्क्याच्या आसपासचा फरक उगाच खरा वाटतो. बँकेच्या मुदत ठेवीशी तुलना असेल तर ९.१२ घ्यावा आणि ठेवीचाही वार्षिक परतावाच घ्यावा.

एक्सेलमध्ये तयार सूत्रही आहे:

```
=YIELD(DATE(2025,7,3), DATE(2028,9,15), 9.6%, 101.8, 100, 2, 1)
```

याचं उत्तर ८.९३ येतं, ८.९२ नाही. हे सूत्र दोन्ही सहामाहींचे हप्ते सारखे धरतं, १८४ आणि १८१ दिवसांचा भेद करत नाही. शिवाय साचलेलं व्याज ते ११० भागिले १८४ असं काढतं, आपल्याकडे ३६५ ने भागतात. एका शतांशाच्या फरकाने कोणाचं काही बिघडत नाही. पण ताळा तिसऱ्या दशांशापर्यंत जुळवायचा असेल तर तक्ता स्वतः मांडून `XIRR` च वापरावं.

त्या ९.१२ मध्ये एक अट लपलेली आहे, आणि ती मला मामांना सांगणं भाग होतं. प्रत्येक हप्ता हाती आला की तो पुन्हा ९.१२ नेच गुंतवला जाईल असं त्यात धरलेलं असतं. मामा सगळे हप्ते पासबुकात बिनव्याजी ठेवून देतील, तर २०२८ अखेर त्यांच्याकडे मुद्दल ३,००,००० आणि व्याजाचे १,००,९१८ असे ४,००,९१८ होतात. ३,१४,०७९ चे एवढे होणं म्हणजे वर्षाला ७.९ टक्के. औषधपाण्याला व्याज वापरणाऱ्या माणसाला याने फरक पडत नाही, तो ते खर्चासाठीच घेतो. पण "नऊ टक्क्यांनी वाढतील" असं डोक्यात धरून बसला असेल तर पडतो.

कराची बाजू थोडक्यात, पण ती मला वायटीएमपेक्षाही महत्त्वाची वाटते. कर पूर्ण कूपनवर, मामांच्या पट्टीप्रमाणे लागतो. मुदतीअखेर जाणारे ५,४०० रुपये भांडवली तोटा ठरतात आणि तो व्याजातून वजा होत नाही. म्हणून अधिमूल्य देऊन घेतलेल्या चढ्या कूपनच्या कागदाचा करोत्तर परतावा, तेवढ्याच वायटीएमच्या पण दर्शनी किमतीला मिळणाऱ्या कागदापेक्षा कमी पडतो. मामांचं उत्पन्न कराच्या कक्षेत येत नव्हतं म्हणून त्यांचं निभावलं. तीस टक्क्यांच्या पट्टीतल्या माणसाने हा हिशोब घेण्याआधी करावा.

आठवड्याने पुन्हा फोन. मामांनी शेअर्सच्या ॲपमध्ये तोच कागद शोधला होता आणि तिथे भाव १,०४९ दिसत होता. "मी १,०१८ ला घेतला, म्हणजे एकतीस रुपये नफा?" नाही. शेअर बाजाराच्या किरकोळ विभागात डिबेंचरचा भाव व्याजासह चालतो. ३ जुलैला त्यांनी दिलेलाही व्याजासह प्रत्येकी १,०४७ च होता. आठवड्यात त्यात सुमारे दोन रुपयांचं व्याज साचलं, बाकी काही झालं नव्हतं. याचीच उलटी बाजू सप्टेंबरच्या आधी दिसते. नोंद तारीख व्याजाच्या तारखेच्या पंधरा दिवस आधी असते. त्यानंतर घेणाऱ्याला येतं व्याज मिळत नाही, म्हणून पडद्यावरचा भाव एका दिवसात अठ्ठेचाळीस-एक रुपयांनी खाली येतो. कंपनी बुडाली की काय म्हणून लोक घाबरून विकतात. म्हैस विलेली असते, इतकंच.

त्या पंधरवड्यात घेतलं तर साचलेलं व्याज उलटं होतं. मामांनी समजा ५ सप्टेंबरला सेटल होणारा व्यवहार केला असता, तर १५ तारखेचं सगळं व्याज विकणाऱ्याला मिळालं असतं, त्यात मामांचे शेवटचे दहा दिवसही आले असते. म्हणून दहा दिवसांचे ७८९ रुपये निव्वळ भावातून वजा व्हायला हवेत. अशा तारखांना स्लिपवर साचलेलं व्याज उणे चिन्हासह असेल तर घाबरू नये. ते अधिक असेल तर मात्र व्यवहार थांबवून विचारावं.

१५ सप्टेंबरला मामांच्या खात्यात १३,०६६ रुपये जमा झाले. तक्त्यात १४,५१८ होते. १५एच भरायचं मी जुलैत सांगितलं होतं, ते राहून गेलं, आणि कंपनीने दहा टक्के म्हणजे १,४५२ रुपये टीडीएस कापला. एप्रिल २०२३ पासून डीमॅटमधल्या नोंदणीकृत डिबेंचर्सची सूट गेली आहे, आणि वर्षाचं व्याज दहा हजारांच्या वर जाणार होतं. कापताना कंपनी पूर्ण १४,५१८ धरते. त्यातले ८,६७९ आधीच्या मालकाच्या दिवसांचे, हे तिला माहीतही नसतं. मामांनी वहीत ओळ घातली: परत आले ८,६७९, माझे ७४ दिवसांचे ५,८३९, सरकारकडे १,४५२, विवरणपत्रात मागायचे.

मार्चच्या हप्त्याआधी १५एच वेळेत गेलं. १५ मार्च २०२६ रविवार होता. सोमवारी १६ तारखेला पूर्ण १४,२८२ जमा झाले आणि दुपारी फोन वाजला.

"अरे, रविवारचे एकोणऐंशी रुपये कुठे आहेत?"

"मिळत नाहीत मामा. सुट्टी आली तर व्याज पुढच्या कामाच्या दिवशी देतात, पण मोजतात पंधरा तारखेपर्यंतच. पुढचा हप्ताही पंधरापासूनच मोजतील, म्हणजे तो दिवस सप्टेंबरच्या १८४ मध्ये आहे. बुडाला नाही."

पलीकडून वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. "आणि मुद्दल परत द्यायच्या दिवशीच सुट्टी असली तर?"

"तर आदल्या कामाच्या दिवशी देतात, आणि व्याज त्या दिवसापर्यंतचंच."

"१५ सप्टेंबर २०२८ कुठला वार?"

"शुक्रवार."

"बरं," म्हणाले आणि फोन ठेवला.